वहिनीने फोनचा विषय कसा काढला

माझा दादा वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या घालाल आणि तो मान मला एकटीलाच हवा आहे.

दादा लिफ्ट दुरुस्त करतो. शहरातल्या निम्म्या उंच इमारतींच्या छतावरच्या खोल्या त्याच्या पायाखालच्या. वहिनी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. मेणात एकेक दात बसवायचा, वर-खालचे जबडे एकमेकांवर नीट टेकतात का बघायचं, घासायचं, परत बघायचं. तिच्या हातचे दात घालून कितीतरी म्हातारी माणसं आज मनसोक्त चावून खातात आणि नातवंडांवर दातओठही खातात. भाची शिकायला दुसऱ्या गावी गेल्यापासून घरात हे दोघंच. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते, पडदे आणि गाद्यांची कव्हरं शिवते, आणि त्यांच्या घरात माझा पाय वरचेवर असतो.

पूर्वी दादाची संध्याकाळ म्हणजे एक कार्यक्रम असायचा. कोण लिफ्टमध्ये अडकलं, अडकल्यावर कोणी देवाचा धावा केला, कोणी बायकोचा केला, कोणत्या बाई आतून ओरडत होत्या की ‘मला काढा, पण आधी ह्यांना नका काढू’, असं सगळं तो हातवारे करून सांगायचा. वहिनी पोळ्या लाटता लाटता हसून बेजार व्हायची. जेवून दोघं गॅलरीत खुर्च्या टाकून बसायचे. काही विशेष बोलायचे असं नाही. समोरच्या इमारतीतल्या कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाच्या कुंडीतलं झाड वाळलंय, एवढंच. पण ती त्यांची वेळ होती.

मग त्या वेळेत फोन आला. चोरासारखा नाही, जावयासारखा आला. आधी टेबलावर एका कोपऱ्यात बसला, मग ताटाशेजारी, आणि बघता बघता घरातला मुख्य माणूस तोच झाला. दादाचा डावा हात फोनवर, उजवा घासावर, आणि डोळे कुठे ते सांगायला नको. वहिनीने विचारलं, “भाजीत मीठ बरोबर आहे ना?” की हा म्हणणार, “हं.” एकदा तिने मुद्दाम विचारलं, “भाजीत साबण बरोबर आहे ना?” तरी “हं.”

ती हसली त्या दिवशी. मला सांगतानाही हसली. मी मात्र हसले नाही. नवऱ्याला साबण खायला घातला तरी कळणार नाही, ही हसण्याची गोष्ट आहे का?

तिने टोमणे मारून बघितले. “जेवायला दोन ताटं वाढू की तीन? तुमच्या त्या लाडकीलाही भूक लागली असेल.” दादा म्हणायचा, “दिवसभर राबून येतो. घटकाभर बघितलं तर काय आकाश कोसळलं?” मग ही म्हणायची, “मी काय दिवसभर झोपा काढते?” आणि तिथून गाडी सासू, माहेर, जुने हिशेब अशा सगळ्या स्टेशनांवर थांबत जायची. फोन राहायचा बाजूला. भांडण संपलं की दादा रुसून फोनच बघत बसायचा. म्हणजे औषध दिलं की रोगच वाढायचा.

तिने अबोला धरला. दादाला तो कळलाच नाही. ह्याच्यासारखा अपमान नाही बघा. माणसाने अबोला धरावा आणि समोरच्याला शांतता छान वाटावी!

आणि मग ती संध्याकाळ आली. अजून आठवलं तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

लॅबच्या मालकाने दुपारी वहिनीला बोलावून सांगितलं की आता हाताने दात बसवण्याचं काम हळूहळू बंद होणार. मशीन येतंय. कॉम्प्युटरवर दात आखायचे, मशीन ते छापून काढणार. “तुम्ही शिका, नाहीतर घासण्या-पुसण्याच्या टेबलावर जा. विचार करून सांगा.” इतकी वर्षं जिच्या हातावर लॅब चालली, तिला हे दारात उभं राहून सांगितलं, बसायलाही न सांगता. वहिनी घरी आली. मुद्दाम जेवण होईपर्यंत थांबली. दादा गॅलरीत खुर्चीत बसला होता, अंगठा वर-खाली चालू होता. ती शेजारी बसली आणि म्हणाली, “अहो, आमच्या लॅबमध्ये मशीन येणारे. माझं टेबल बहुतेक जाणार.”

दादा म्हणाला, “हं. छान.”

एवढंच. ‘छान.’ ती उठली आणि आत जाऊन भांडी घासायला लागली. दादाने काही वेळाने गॅलरीतून विचारलं, “अगं, पाणी आणतेस का?” आणि तिने आणून दिलं. मी असते तर तांब्या डोक्यावर ओतला असता.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली, कापडाच्या ढिगावर बसली आणि सगळं सांगितलं. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी शिवण अर्धी टाकून उठले आणि चपला शोधायला लागले.

“कुठे निघालात वन्सं?” तिने विचारलं. गंमतीत असली किंवा फार दुखावलेली असली की ती मला वन्सं म्हणते.

“दादाकडे. त्याची पूजा बांधायची आहे.”

“बसा खाली. तुम्ही बोललात की मी चहाड्या केल्या असं होईल. मग तो माझ्याशी नाही, आपल्या दोघींशी भांडेल. दोघी एकीकडे म्हटलं की कोणीही फणा काढतो.”

“मग तू बोल.”

“बोलते की. बोलते आणि भांडण होतं. काय बोलायचं ते मला कळतंय, कसं बोलायचं तेच कळत नाही.”

मला तर तेव्हा ह्याचाच राग आला. घाव हिच्यावर, आणि मलमाची बाटली कशी धरायची ह्याचा विचारही हिनेच करायचा? पण ती अडून बसली. म्हणाली, “तुम्ही दादा व्हा. मी बोलून बघते.”

मग मी दादा झाले. गादीच्या कव्हरावर मांडी घातली, मोजपट्टीचा फोन केला आणि त्यात डोकं घातलं. खरं सांगते, नक्कल इतकी जमली की वहिनीचं रक्त तिथेच उसळलं.

“तुम्ही नेहमी फोनमध्ये असता. माझ्याकडे कधीच लक्ष देत नाही.”

मी दादाच्या आवाजात म्हटलं, “नेहमी? परवा तुझ्याबरोबर बाजारात आलो तेव्हा होता का हातात फोन? आणि कधीच म्हणजे? तुझा पाय मुरगळला तेव्हा कोणी शेकला?”

वहिनी म्हणाली, “बरोबर. ‘नेहमी’ म्हटलं की तो वकील होणार. एक दिवस शोधून काढणार आणि खटला जिंकणार.”

“मग ‘नेहमी’ काढ.”

“तुम्हाला फोनचं व्यसन लागलंय.”

“व्यसन? मी दारू पितो? सिगरेट ओढतो? लोकांचे नवरे बघ जरा.”

“हे पण गेलं,” ती म्हणाली. “आता नाव ठेवल्यावर तो नावाशीच झगडणार.” थोडा विचार करून तिने परत सुरू केलं, ह्या वेळी अगदी गोड आवाजात. “मला ना, असं वाटतं की तुम्हाला माझी काही किंमतच नाही.”

मी मोजपट्टी खाली ठेवली. “वहिनी, सुरुवात ‘मला वाटतं’ने केलीस म्हणून काय झालं? आत दगडच आहे. साखरेचा पाक लावलेला दगड.”

त्यावर मात्र आम्ही दोघी हसलो, आणि हसल्यावर तिचं डोकं चालायला लागलं. म्हणाली, “त्याच्या मनात काय आहे ते मी कशी सांगणार? मला काय माहीत आहे? मला एवढंच माहीत आहे की काल मी एक गोष्ट सांगितली, त्याने ऐकली नाही, आणि मला फार एकटं वाटलं. ह्यात खोटं काढायला त्याला जागाच नाही. आणि मला काय हवंय? फोन फोडायचा नाहीये. जेवण आणि त्यानंतरचं गॅलरीतलं बसणं, एवढं मला परत हवंय.”

“हेच बोल,” मी म्हटलं. “पण त्याच्या हातात फोन असताना बोलू नको. हातात असताना बोललीस की काढून घेतल्यासारखं होतं.”

“आणि कामावरून आल्या आल्याही नाही. भुकेला माणूस अर्धंच ऐकतो, आणि ते अर्धं वाकडं ऐकतो.”

सुट्टीचा दिवस तिने निवडला. सकाळी चहा झाल्यावर दोघं मिळून चादरी वाळत घालतात, तेव्हा. समोरासमोर बसून बोललं की चौकशी चालल्यासारखं वाटतं, असं तिचं म्हणणं. चादरीची दोन टोकं दोघांच्या हातात असली की हात रिकामे नसतात आणि डोळ्याला डोळा भिडवायची सक्ती नसते. पुढचं सगळं तिने मला सांगितलं, आणि काही दिवसांनी दादानेही सांगितलं. दोघांच्या सांगण्यात फारसा फरक नव्हता, म्हणून विश्वास ठेवते.

ती म्हणाली, “अहो, थोडं बोलायचंय. भांडायचं नाहीये. आत्ता बोलू, की चादरी झाल्यावर?”

दादाच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. “काय झालं? डॉक्टरकडे गेली होतीस का?”

“नाही हो. बरी आहे मी. आपल्या संध्याकाळींबद्दल बोलायचंय.”

“मग बोल की.”

“मला आपलं पूर्वीसारखं गॅलरीत बसणं फार आठवतं. तुमच्या लिफ्टच्या गोष्टी आठवतात. हल्ली जेवताना आणि नंतर फोन मध्ये असतो, आणि मला शेजारी बसूनसुद्धा एकटं वाटतं.”

दादा ताठ झाला. चादर झटकली ती अशी की फट्टकन आवाज आला. “म्हणजे आता मी तुला एकटी टाकतो. चूक माझीच.”

वहिनीच्या जिभेवर आलं होतं, ‘मग कोणाची, शेजाऱ्यांची?’ तिने ते गिळलं. कसं गिळलं तिचं तिलाच ठाऊक. म्हणाली, “चूक शोधत नाहीये मी. फोन मीही बघते, बहिणीशी बोलायला लागले की मलाही वेळेचं भान राहत नाही. पण परवा एक गोष्ट झाली, ती तुम्हाला कळावी असं वाटतं. मी तुम्हाला सांगितलं की माझं लॅबमधलं टेबल जाणार. तुम्ही ‘छान’ म्हणालात.”

“कधी?”

“परवा. गॅलरीत.”

“टेबल जाणार म्हणजे?”

तिने सांगितलं. मालक, मशीन, दारात उभं राहून झालेलं बोलणं, सगळं. दादा चादरीचं टोक धरून उभाच राहिला. त्याला खरोखर काही आठवत नव्हतं. त्याची बायको त्याच्या शेजारी बसून तिच्या उभ्या आयुष्याच्या कामाबद्दल बोलली होती, आणि ते त्याच्या कानावरून वाऱ्यासारखं गेलं होतं. दादा मला नंतर म्हणाला, “तिने मला शिव्या दिल्या असत्या ना, तर मी उलट दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. पण तिने नुसतं काय झालं ते सांगितलं. मला पळायला वाटच राहिली नाही.”

त्या वेळी तो एवढंच बोलला, “मी ‘छान’ म्हणालो?”

“हं,” वहिनी म्हणाली.

इथे दुसरी कोणी असती तर लोखंड गरम आहे म्हणून घाव घातला असता. हिने प्रश्न विचारला. “एक खरंच विचारू? टोमणा नाहीये. संध्याकाळी त्या फोनमध्ये नेमकं काय असतं? मला माहीतच नाही.”

आणि दादा बोलायला लागला. त्यांच्या कंपनीत एक नवा साहेब आला होता. तो संध्याकाळी ग्रुपवर मेसेज टाकायचा. उद्याचं काम, परवाची मीटिंग, कधी नुसतंच ‘सगळ्यांनी वाचलं का?’ आणि वाचलं म्हणून प्रत्येकाने अंगठा उमटवायचा, तोही ताबडतोब. ज्याचा अंगठा उशिरा, त्याचं नाव ग्रुपवर सगळ्यांसमोर. दादाचं नाव एकदा आलं होतं. ‘सीनियर लोकांना मेसेज वाचता येत नाहीत का?’ असं. पन्नाशी उलटलेला माणूस, डोळे मिटून मोटरच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा, आणि त्याला त्याच्याच हाताखाली शिकलेल्या पोरांसमोर हे. त्या दिवसापासून तो फोन हातातून खाली ठेवत नव्हता. घरी मात्र एक शब्द बोलला नव्हता. लाज वाटली म्हणे.

वहिनीने हातातली चादर तशीच दोरीवर टाकली. “आठ तास घेतले, वर जाण्यायेण्याचा वेळ घेतला, आता आमचा घासही हवाय का त्यांना? अंगठेबहाद्दर मेला! शिकलेल्या माणसांना अंगठे उमटवायला लावतो!” शेजारच्या गॅलरीतल्या आजींनी डोकं बाहेर काढून बघितलं, एवढ्या जोरात.

मला हे ऐकून जितकं बरं वाटलं, तितकाच संतापही आला. एक माणूस कुठेतरी बसून टिचकी मारतो आणि दुसऱ्याच्या घरात नवरा-बायको एकमेकांचे वैरी होतात. त्याला काय, त्याचं जेवण गरम असेल.

पण वहिनी वहिनी आहे. राग ओतून झाल्यावर तिने हळूच विचारलं, “साहेबांचं कळलं. ते कुत्र्यामांजरांचे आणि स्वयंपाकाचे व्हिडिओ कोणते साहेब पाठवतात?”

दादाला हसू फुटलं. मग कबूल झाला. अंगठा उमटवायला फोन उघडला की मन त्यातच रेंगाळतं. दिवसभर माणसं आत अडकून ओरडतात, सोसायटीचे सेक्रेटरी बाहेर ओरडतात. घरी आल्यावर कोणी काही मागू नये असं वाटतं. व्हिडिओ काही मागत नाही.

“मी फार मागते का?” वहिनीने विचारलं.

“आल्या आल्या मागतेस. मी बूट काढत असतो आणि तू गॅस, नळ, लेकीचा फोन, सगळं एकदम सांगतेस.”

हे तिला लागलं. पण तिने ऐकून घेतलं, कारण आज ऐकून घेण्याचाच दिवस होता. म्हणाली, “बरं. आल्यावर तुम्ही चहा घेऊन निवांत बसा, हवं ते बघा, मी मध्ये येणार नाही. पण ताटं मांडली की उठेपर्यंत, आणि मग गॅलरीतला वेळ, एवढ्यात फोन आत ठेवूया का? दोघांचेही. चार-आठ दिवस करून बघू, नाही जमलं तर परत बोलू.”

“आणि खरंच कोणी अडकलं तर?”

“तेव्हा काय करतात? मेसेज?”

“नाही, फोनच करतात.”

“मग घंटी चालू ठेवा. वाजली तर पळा. फक्त त्या ग्रुपचा आवाज बंद.”

दादाने एक अट घातली. फोन वाजून तो उठला तर ‘कोण होतं, काय म्हणत होतं’ विचारायचं नाही. त्याला सांगावंसं वाटलं तर तो सांगेल. वहिनीने कबूल केलं. आणि विसरून कोणी फोन घेतलाच तर दुसऱ्याने टोमणा मारायचा नाही, नुसतं ‘ये ना इकडे’ म्हणायचं, असं दादानेच सुचवलं. वहिनी म्हणाली, “मी तुम्हाला ‘या ना’ म्हणेन. एवढा मान राहू दे.”

आता तुम्हाला वाटेल, त्या संध्याकाळपासून हसणं-खिदळणं सुरू झालं असेल. छे! पहिल्या संध्याकाळी दोघं ताटावर बसले आणि बोलायला विषयच नाही. चावण्याचा आवाज ऐकू येत होता. दादा चमच्याने टेबल वाजवत बसला. वहिनीला भीती वाटली की फोनमागे लपलेलं हेच होतं की काय, दोघांमध्ये काही उरलंच नाही. गॅलरीत दादा तीनदा उठला. कधी पाणी प्यायला, कधी दार लागलंय का बघायला. एकदा बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ आला नाही. आतून कुत्रा भुंकल्याचा आवाज आला.

“कुत्रा कधी पाळलात?” तिने बाहेरून विचारलं. तो टोमणा होता, हे तिने मला स्वतः सांगितलं. सगळं गिळायला ती काही संत नव्हती. पण दादा लाजून हसत बाहेर आला आणि फोन जागेवर ठेवला.

नंतर एका संध्याकाळी सगळं बिनसलं. जेवताना ग्रुपचा आवाज नव्हता, पण दादाचं मन तिकडेच होतं. तो उठला, फोन घेतला आणि उभ्याउभ्याच बघायला लागला. वहिनी म्हणाली, “या ना इकडे.” तो खेकसला, “दोन मिनिटं थांब म्हटलं ना!” वहिनीने ताट तसंच झाकून ठेवलं, आतला आपला फोन उचलला आणि गच्चीवर निघून गेली. ठरवलेलं सगळं गेलं उडत. ती वर जाऊन पाण्याच्या टाकीशेजारी उभी राहिली आणि मला फोन करून म्हणाली, “मी किती मोजून बोलायचं? मी काय कवळी करतेय का, की जरा जास्त झालं तर घासा आणि परत लावा? मलाही कधी ओरडायचंय!”

“ओरड,” मी म्हटलं.

ती ओरडली. फोनवरच. काय ओरडली ते लिहीत नाही, माझा भाऊ आहे शेवटी.

थोड्या वेळाने दादा वर आला. हातात फोन नव्हता. म्हणाला, “साहेबाने पुन्हा माझं नाव टाकलं होतं. खेकसायचं त्याच्यावर होतं, खेकसलो तुझ्यावर.” वहिनी म्हणाली, “मला कळलं. पण लागलं ते मलाच.” दादाने मान डोलवली. दोघं खाली आले आणि गार जेवण जेवले.

दुसऱ्या दिवशी दादाने ते केलं जे त्याने पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. कामावर जाऊन साहेबाला तोंडावर सांगितलं, “कोणी अडकलं, काही तातडीचं असलं, तर कधीही फोन करा, ताटावरून उठून येईन. आजवर आलोच आहे. बाकी मेसेज मी सकाळी कामावर येताना वाचीन.” आवाज चढवला नाही म्हणाला. बायकोकडूनच शिकला असणार, पण हे तो कबूल करत नाही.

साहेबाने काय केलं? दादाला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इमारती दिल्या. दोन बस बदलून जायचं. नियमाप्रमाणे बदली, म्हणे. ग्रुपवरच्या एकाही सहकाऱ्याने तोंड उघडलं नाही. फक्त एकाने दादाला जिन्यात गाठून खांद्यावर थाप मारली आणि आजूबाजूला बघून पळाला. मला विचाराल तर ह्या साहेबाला त्याच्याच लिफ्टमध्ये दोन मजल्यांच्या मध्ये अडकवून बाहेरून मेसेज पाठवायला हवा, ‘वाचलं का?’ पण दादा असलं करणार नाही. लिफ्टशी तो इमान राखतो.

तर आता त्यांचं जेवण पूर्वीपेक्षा उशिरा होतं. दादा दमून येतो, चहा घेऊन खुर्चीत पडतो, फोन बघतो. वहिनी तेव्हा त्याच्या वाटेला जात नाही. ताटं मांडली की फोन आतल्या खोलीत जातात, तिचाही. कधी दादा विसरतो. वहिनीही विसरते, तिची बहीण नेमकी तेव्हाच फोन करते. एखाद्या दिवशी दोघं ठरवून सोडून देतात, सामना असला की बघतात एकत्र.

लॅबचा विषय दादाने स्वतःहून काढला. एकदा नाही, रोज विचारायचा. “आज मालक काय म्हणाला?” वहिनी मशीन शिकायला लागली, पण अट घालून. अवघड तोंडांचं काम हातानेच, आणि तिच्याच टेबलावर. मालकाने अर्धी मानली, अर्धीसाठी ती अजून भांडते आहे. घरी येऊन ती कॉम्प्युटरवरचे दात कसे सगळे एकाच वर्गात शिकल्यासारखे दिसतात ह्याची नक्कल करते आणि दादा हसतो.

परवा एका लग्नात आमच्या मावशीने सगळ्यांसमोर दादाचं कौतुक केलं. “काय गुणाचा नवरा! बायकोसाठी जेवताना फोन बाजूला ठेवतो!” चार बायका माना डोलवत होत्या. वहिनी शेजारीच उभी होती, तिला कोणी काही म्हणालं नाही.

मला राहवलं नाही. म्हटलं, “मावशी, फोन बाजूला ठेवायला हात लागतो. तो ठेवायला सांगताना हिला किती शब्द गिळावे लागले, ते विचारा की कोणीतरी.”

मावशी गोंधळली. दादा खाली बघून म्हणाला, “खरं आहे तिचं.” वहिनीने मला चिमटा काढला, चांगला जोरात, आणि कानात म्हणाली, “वन्सं, ‘नेहमी’ नाही म्हणालात, तेवढं बरं केलंत.”